जामीनदार नाही, म्हणून सहा महिन्यांचा किराया आधीच?

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

नागपुरात किरायाने घर शोधताना ‘व्हेज की नॉनव्हेज’ आणि ‘फॅमिली की बॅचलर’ यानंतर तिसरा प्रश्न हमखास येतो : जामीनदार कोण? तोही नागपुरातच राहणारा आणि शक्यतो सरकारी नोकरीतला. मी मूळचा सिरोंच्याचा, नोकरी मिहानमध्ये. या शहरात माझी ओळख ऑफिसातल्या चार जणांशी आणि डब्याच्या काकूंशी. जामिनाला कोणाला उभं करणार? म्हणून माझ्यासारखे बरेच जण जे करतात तेच मीही केलं. ‘जामीनदार सोडा, सहा महिन्यांचा किराया आधीच देतो,’ असं म्हणालो. मनीषनगरातल्या घरमालकीण काकूंनी त्यावर जे उत्तर दिलं, त्यासाठी हे पत्र.

किराया महिना चौदा हजार आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे अठ्ठावीस हजार, असं ठरत होतं. त्यावर मी चौऱ्याऐंशी हजार एकरकमी द्यायला तयार होतो. मला वाटलं, काकू लगेच हो म्हणतील. त्या सेवानिवृत्त गणित शिक्षिका. म्हणाल्या, “अरे, पहिले सहा महिने तर तू देशीलच. नोकरी नवी, घर नवं. मला काळजी सातव्या महिन्यापासूनची होऊन राहिली. तेव्हा तुझे हे चौऱ्याऐंशी हजार कुठे असतील?”

खरंच, कुठे असणार? दर महिन्याला चौदा हजार किरायात वळते होत होत सहाव्या महिन्याच्या शेवटी ते शून्यावर येतात. उरतं ते नेहमीचंच डिपॉझिट. म्हणजे जामीनदाराच्या बदल्यात मी जे देऊ करत होतो, ते नेमकं गरजेच्या वेळी शिल्लकच राहणार नव्हतं. माझा तर पैसा अडकला असता आणि काकूंची काळजी जिथल्या तिथे. आगाऊ किराया आणि डिपॉझिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तोवर कळलं नव्हतं. आगाऊ किराया खर्च होत जातो, डिपॉझिट शेवटपर्यंत तसंच राहतं.

मग काकूंनीच तोड काढली. अकरा महिन्यांचा करार, एक ऑगस्ट ते तीस जून. पहिल्या नऊ महिन्यांचा किराया दर महिन्याला नेहमीसारखा द्यायचा. आगाऊ द्यायचा तो शेवटच्या दोन महिन्यांचा, मे आणि जूनचा. डिपॉझिट वेगळं. एप्रिल संपेपर्यंत त्यांच्या हातात छप्पन्न हजार, म्हणजे चार महिन्यांचा किराया, कायम राहणार. मला सुरुवातीला लागले तेही छप्पन्न हजारच. माझ्या पहिल्या बेतात एक लाख बारा हजार गेले असते. निम्म्या पैशात मालकाला जास्त दिवसांची हमी मिळाली.

उरला प्रश्न ते पैसे कागदावर कसे येतात याचा, आणि खरी गोची तिथेच आहे. माझ्या एका सहकाऱ्याने दुसऱ्या एका मालकाला सहा महिन्यांचा किराया रोख दिला, पावती नाही. करार शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला. तिसऱ्या महिन्यात त्याची पुण्याला बदली झाली. एक महिन्याची नोटीस देऊन तो निघाला, तर मालक म्हणाले, “अॅडव्हान्स परत मिळत नसतो.” करारात डिपॉझिटचा उल्लेख होता, आगाऊ किरायाचा एक शब्दही नव्हता. गेले ते पैसे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. पण कोर्टाची पायरी चढायला पुण्याहून कोण येतो?

आमच्या नोंदणीच्या वेळी असाच एक घोळ होता होता राहिला. ऑनलाइन अर्जात परत मिळणाऱ्या आणि परत न मिळणाऱ्या अनामतीचे वेगळे रकाने असतात. करार भरून देणाऱ्या मुलाने आमचे आगाऊ अठ्ठावीस हजार सरळ ‘परत न मिळणाऱ्या’ रकान्यात टाकले. तो म्हणाला, “वापस थोडीच मिळणार आहे? किरायातच जाणार.” त्याचं चुकलं होतं. ती रक्कम अकरा महिन्यांच्या एक लाख चौपन्न हजारांतच धरलेली आहे. त्या रकान्यात टाकली की कागदावर ती किरायाच्या वरची होते आणि मध्येच घर सोडलं तर परत मागायला तोंड राहत नाही. मुद्रांक शुल्कही तिच्यावर पुन्हा लागतं. शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का असतं, म्हणजे फरक सत्तर रुपयांचा. त्याचं काही नाही, पण चुकीचा शब्द कागदावर राहतो.

आम्ही तो रकाना रिकामा ठेवला आणि अटींमध्ये हे लिहून घेतलं : ‘मे व जून महिन्यांचे भाडे रु. २८,०००/- आगाऊ मिळाले असून ते केवळ त्या दोन महिन्यांच्या भाड्यापोटी वळते केले जाईल. करार त्यापूर्वी संपल्यास, नोटीस कालावधीचे व थकीत भाडे वजा जाता उरलेली आगाऊ रक्कम, ताबा परत दिल्यापासून पंधरा दिवसांत परत केली जाईल. जामीनदाराची अट लागू नाही.’ पैसे बँकेतून पाठवले आणि डिपॉझिट व आगाऊ किराया दोन वेगळ्या व्यवहारांत, जेणेकरून पासबुकातही ते वेगळेच दिसतील.

शेवटचं वाक्य मी हट्टाने घालून घेतलं. तोंडी ‘राहू दे’ म्हटलेली अट नूतनीकरणाच्या वेळी परत उगवते, असा मित्रांचा अनुभव आहे.

आता घरमालकांसाठी एक गोष्ट. आपण ज्याला जामीनदार म्हणतो, त्याची सही बहुतेक करारांत साक्षीदाराच्या जागी असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे हमी म्हणजे ‘दुसऱ्याने चुकवलं तर मी भरीन’ असं दिलेलं वचन. साक्षीदाराने फक्त सह्या होताना पाहिलेल्या असतात. त्याच्याकडून थकलेला किराया मागता येत नाही. म्हणजे कित्येक मालक ज्या हमीच्या भरवशावर निवांत असतात, ती त्यांच्याकडे नसतेच.

हे काकूंना सांगितल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, “मला पैशासाठी जामीनदार नव्हता पाहिजे रे. तू फोन उचलला नाही तर कोणाला लावू, यासाठी पाहिजे होता.” ही गरज पैशाने भागत नाही, आगाऊ कितीही द्या. मी त्यांना ऑफिसचं नोकरीचं पत्र, आधीच्या खोलीच्या मालकांचा नंबर आणि सिरोंच्याच्या मामांचा नंबर दिला. त्यांनी मामांना त्याच संध्याकाळी फोन लावला. अर्धा तास बोलल्या. त्यातली दहा मिनिटं माझ्याबद्दल, बाकी तिकडच्या मिरचीच्या भावाबद्दल.

आपला,
एक किरायेदार
मनीषनगर, नागपूर