रुपयातला भाव महाग का पडतो? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

मा. गव्हर्नर महोदय,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातला काजू कारखानदार. इथली काजूबी वर्षभर पुरत नाही, म्हणून टांझानियाहून बी आणतो. तिकडचा पुरवठादार लिलावात शिलिंग मोजून माल घेतो आणि इकडे मी गर रुपयांत विकतो. आमच्या दोघांच्या धंद्यात डॉलर कुठेच नाही, भाव मात्र डॉलरमध्ये ठरतो.

नोव्हेंबर 2025 च्या सुरुवातीला टनाला 1,500 डॉलरने 25 टनांचा सौदा केला. तेव्हा डॉलर 88.70 रुपयांना पडत होता. कागदपत्रे आली, पैसे भरायची वेळ आली तोवर डिसेंबर उजाडला आणि डॉलरने नव्वदी ओलांडली. मला 90.50 चा दर लागला. बी तीच, वजन तेच, पण 67,500 रुपये जास्त गेले. उलटही घडले आहे, ते लपवत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत केलेल्या सौद्याचे पैसे मे महिन्यात स्वस्त डॉलरने फिटले. पण तो फायदा माझ्याकडे टिकला नाही. सगळ्यांचीच बी स्वस्त झाल्यावर गर घेणाऱ्यांनी भाव पाडून मागितला.

फॉरवर्ड करून दर आधीच का बांधला नाही, असे कोणी विचारेल. एकदा बांधला होता. जहाज तीन आठवडे उशिरा आले आणि करार पुढे ढकलताना बँकेने नव्याने पैसे लावले.

म्हणून डिसेंबरात पुरवठादाराला पत्र लिहिले, की यापुढचा भाव रुपयांत कळवा. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या. भाव म्त्वारा बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा द्यावा. जहाजभाडे डॉलरमध्येच आकारले जाते, ते वेगळे दाखवावे. भाव दहा दिवस कायम राहावा. आणि ‘पैसे भरण्याच्या दिवशीच्या डॉलर दराप्रमाणे’ हे वाक्य कुठेही नसावे. ते वाक्य राहिले तर बिलावर रुपयाचे चिन्ह येते, जोखीम मात्र माझ्याच गळ्यात राहते. बरेच व्यापारी नेमके इथेच फसतात.

त्याचे उत्तर आले: टनाला 1,40,500 रुपये. त्या दिवशीच्या दराने 1,500 डॉलरचे 1,35,750 होत होते. म्हणजे टनामागे 4,750 आणि 25 टनांवर 1,18,750 रुपये वरचे. डॉलरने मला बुडवले त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट! आधी राग आला. मग त्याने फोनवर हिशेब सांगितला. त्याची बँक रुपयाचे थेट शिलिंग करून देत नाही. आधी रुपयाचा डॉलर, मग डॉलरचे शिलिंग, आणि दोन्ही वेळा कापून घेणार. शिवाय रुपये कधी जमा होतील याची खात्री नाही. कापणी सोडून उरलेली रक्कम या भीतीची. त्याच्या जागी मी असतो तर मीही एवढेच लावले असते.

महोदय, आपल्या बँकेने 11 जुलै 2022 रोजी रुपयात व्यापाराची वाट मोकळी केली. परदेशी बँकेने भारतीय बँकेत विशेष रुपया वोस्ट्रो खाते उघडायचे आणि आयातदाराने त्यात रुपये भरायचे. 2023 मध्ये अशी परवानगी मिळालेल्या 18 देशांत टांझानियाही होता. ऑगस्ट 2025 पासून खाते उघडायला आपली पूर्वपरवानगीही लागत नाही. तरी माझ्या बँकेच्या शाखेत विचारले तेव्हा साहेबांनी ‘वोस्ट्रो’ शब्द कागदावर लिहून घेतला आणि आठवड्याने या म्हणाले. तीन आठवडे झाले. पुरवठादाराची बँकही त्याला तेच सांगते. दोघेही एकमेकांच्या बँकेचे खाते अंधारात शोधतो आहोत.

माझ्या मागण्या दोनच. प्रत्येक भारतीय बँकेने आपल्याकडे कोणत्या देशातल्या कोणत्या बँकेचे रुपया खाते चालू आहे, ते संकेतस्थळावर लावावे. दुसरी मोठी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये आपण प्रमुख व्यापारी देशांच्या चलनांसाठी रुपयाचे संदर्भ दर ठरवण्याची घोषणा केली. त्यात शिलिंगसारखी चलनेही घ्या. रोज रुपया-शिलिंगचा जाहीर दर समोर असेल, तर त्या 4,750 मध्ये बँकेची कापणी किती आणि भीती किती, हे आम्हाला वेगळे काढता येईल. नुसत्या दराने बँक कापणे थांबवणार नाही, हे मला कळते. पण घासाघीस करायला हातात आकडा तरी येईल.

तोवर पुरवठादाराशी मधला मार्ग काढला आहे. डॉलर 89 ते 92 मध्ये असेपर्यंत टनाला 1,37,500 रुपये कायम. त्याबाहेर गेला तर फरक निम्मा-निम्मा. पहिला माल या बोलीवर निघतो आहे. पैसे अजून डॉलरमधूनच जाणार, कारण खाते सापडलेले नाही.

आपला,
एक काजू कारखानदार, सिंधुदुर्ग