शेतातल्या भांडणाचा साक्षीदार आणि त्याचे दोन जबाब : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बौद्धिक दिव्यांग साक्षीदाराचा जबाब कोणत्याही गुन्ह्यात विशेष शिक्षकाच्या मदतीने घेण्याबाबत

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवते. आमच्या शाळेतून बाहेर पडलेला, आता चोविशीत असलेला एक मुलगा सध्या एका फौजदारी खटल्यात साक्षीदार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, पण पोलीस ठाण्यात जे झालं ते तसंच लिहिते.

दोन चुलतभावांचं बांधावरून भांडण झालं. एकाने दुसऱ्याला ढकललं, तो दगडावर पडला आणि हाताचं हाड मोडलं. बघायला तिथं फक्त हा मुलगा होता, शेळ्या घेऊन. त्याचे वडील ज्याचा हात मोडला त्याच्याच शेतात सालगडी. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

पोलिसांनी त्याला ठाण्यात बोलावलं. कायद्याने असं बोलावता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ सांगतं की, दिव्यांग साक्षीदाराला तो राहतो तिथून हलायला लावायचं नाही, पोलिसांनी त्याच्याकडे जायचं. त्याची स्वतःची इच्छा असेल तर तो ठाण्यात येऊ शकतो. मग काय, "राजीखुशीने आला" म्हटलं की झालं! पोलिसांच्या गाडीत बसायला मिळतंय म्हणून तो खरोखरच खुशीने गेला होता.

तिथं त्याला विचारलं, "त्यानं काठीनं मारलं ना?" तो म्हणाला, "व्हय." "का दगडानं?" तरी "व्हय." मोठा माणूस ठाम आवाजात विचारतो तेव्हा 'हो' म्हटलं की तो खूश होतो, हे या मुलांनी आयुष्यभर अनुभवलेलं असतं. हा खोटेपणा नाही आणि विसरभोळेपणाही नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं असं वाटून ते उत्तर बदलतात. दोन पर्याय दिले तर पुष्कळदा शेवटचा उचलतात. जमादार वैतागले, "याला काही कळत नाही" म्हणाले, आणि आईला विचारून त्यांनी स्वतःच जबाब लिहिला. "समक्ष विचारलेवरून जबाब देतो की, सदर इसमाने मागील भांडणाची कुरापत काढून..." अशी त्याची सुरुवात. या मुलाने आयुष्यात 'कुरापत' हा शब्द कधी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. त्या जबाबात काठी आहे, तारीख आहे, सकाळची साडेनऊची वेळही आहे. त्याला घड्याळ कळत नाही.

आठवडाभराने जखमीच्या घरच्यांनी ओरड केली, मग मला फोन आला. मी तपासी अंमलदारांना विनंती केली की जबाब त्याच्या घरी, अंगणात घेऊ. ते आले, याबद्दल त्यांचे आभारच मानते. मी आदल्या दिवशी जाऊन त्याच्याशी नुसत्या गप्पा मारल्या, घटनेचं अवाक्षर काढलं नाही. किती शब्दांचं वाक्य त्याला पेलतं, वेळ कशावरून सांगतो, 'माहीत नाही' म्हणतो की नाही, एवढंच पाहायचं होतं. 'काल' आणि 'उद्या' यांत तो गल्लत करतो. पण शेळ्या कधी सोडल्या, कधी पाण्यावर नेल्या, कधी कोंडल्या, हा क्रम पक्का आहे. मध्यंतरी मी मुद्दाम विचारलं, "माझ्या घरी कुत्रा आहे का?" आधी "व्हय" म्हणाला. मग त्याला सांगितलं की माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण, मी रागावणार नाही. दोन-तीन प्रश्नांनंतर तो ते म्हणायला लागला.

दुसऱ्या दिवशी अंमलदारांनी एकच प्रश्न विचारला, "वावरात काय झालं, सांग." आणि आम्ही गप्प बसलो. त्याला उत्तर जुळवायला वेळ लागतो. त्या शांततेत मध्येच दुसरा प्रश्न टाकला की पहिला हातचा जातो. बऱ्याच वेळाने तो बोलला, "आण्णानं ढकललं. बापू पडला. दगडावर. हात वाकडा झाला." मग "आणखी?" असं विचारल्यावर, "बापू रडला. म्या पळालो." आण्णाच्या हातात काय होतं, असं विचारल्यावर त्याने स्वतःचे दोन्ही रिकामे तळवे पुढे केले. शेळ्या तेव्हा कुठं होत्या? "पाण्यावर न्यायच्या व्हत्या." काठी नव्हती आणि वेळ दुपारची होती. हे सगळं कागदावर आलं ते पुरवणी जबाब म्हणून.

म्हणजे आता दोन जबाब आहेत. पोलिसांपुढचा जबाब हा पुरावा नसतो, पण साक्षीदाराला खोडून काढायला तो वापरता येतो. बचाव पक्षाचे वकील विचारणार, पहिल्या जबाबात काठी आहे, आता नाही, हे कसं? मधल्या आठवड्यात तुला कुणी शिकवलं? वडील कुणाच्या शेतात कामाला आहेत? पहिल्या कागदातला एकही शब्द या मुलाचा नाही, पण त्याचं उत्तर त्याला द्यावं लागणार. जबाब घेणाऱ्याने नीटनेटका करून लिहिलेला कागद अशा साक्षीदाराचं सर्वांत जास्त नुकसान करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कायद्यातली फट सांगते. ही फट मोठी आहे आणि ती बुजवणं आपल्या हातात आहे. बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांत पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर तिची फिर्याद तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषक किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत घ्यायची आणि तिचं चित्रीकरण करायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. कलम १८३ नुसार दंडाधिकाऱ्यांनी असा जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत घ्यायची, आणि तोच जबाब खटल्यात, आपल्या बाजूचा वकील आधी प्रश्न विचारतो त्या सरतपासाच्या जागी धरला जातो. साक्षीदाराची फक्त उलटतपासणी उरते. ही चांगली तरतूद आहे. पण या मुलासमोर घडलेला गुन्हा आहे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११७(२) चा, जबर दुखापत, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. तो पीडितही नाही. त्याच्यासाठी विशेष शिक्षक बोलावण्याची सक्ती कुठल्याच कलमात नाही. मी गेले ती ओळखीतून, रजा टाकून, एसटीचं तिकीट स्वतः काढून. ज्या गावात अशी शाळाच नाही तिथल्या साक्षीदाराने काय करायचं?

सक्ती नाही, तशी मनाईही नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८० पोलिसांना साक्षीदाराचा जबाब दृकश्राव्य पद्धतीने नोंदवण्याची मुभा देतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १२ सरकारवर जबाबदारीच टाकतं की, दिव्यांग व्यक्तीची साक्ष तिच्या भाषेत आणि तिच्या संवादाच्या पद्धतीने नोंदवण्यासाठी सोयी पुरवाव्यात. तिथं गुन्ह्याचा प्रकार पाहिलेला नाही. म्हणजे विधेयक नको, दुरुस्ती नको. आपल्या खात्याचं एक परिपत्रक पुरेसं आहे.

त्या परिपत्रकात काय असावं, हे अनुभवावरून सांगते. साक्षीदार बौद्धिक दिव्यांग आहे असं कळताच, गुन्हा कोणताही असो, पहिला जबाब घेण्याआधीच विशेष शिक्षक बोलावावा, नंतर पुरवणीसाठी नव्हे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या विशेष शिक्षकांची जिल्हावार यादी प्रत्येक ठाण्यात असावी, आणि त्यांचं मानधन नि प्रवासखर्च पोलीस अधीक्षक कार्यालयाने द्यावा. जबाबात प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसंच्या तसं लिहावं, आणि चित्रीकरण करावं. 'काठीनं मारलं ना?' हा प्रश्न नोंदीत आला असता, तर त्या 'व्हय'ची किंमत न्यायालयाला तिथंच कळली असती.

एक गोष्ट पोलिसांना खास शिकवावी लागेल. विशेष शिक्षक आणि सोबतीला बसणारी व्यक्ती, ही दोन वेगळी कामं आहेत. सोबतीचं माणूस धीर देतं, पाणी देतं, दमला की सांगतं. त्याने घटनेबद्दल बोलायचं नाही, खुणावायचं नाही, साक्षीदाराच्या नजरेच्या रेषेत बसायचं नाही. विशेष शिक्षक प्रश्न सोपा करून देतो आणि उत्तराची खूण समजावतो, पण उत्तर स्वतः देत नाही. आपल्याकडे सर्रास आईलाच दोन्ही कामं दिली जातात. इथं आईचं घर जखमीच्या शेतावर चालतं. ती शेजारी बसली तर 'पढवलेला साक्षीदार' हा आरोप आयताच हाती दिला. म्हणून आम्ही गावातल्या अंगणवाडी ताईंना बसवलं. त्यांचं दोन्ही घरांशी देणंघेणं नाही, आणि मुलगा त्यांना लहानपणापासून ओळखतो.

पुढचा टप्पा न्यायालयाचा. तो आपल्या अखत्यारीत नाही, पण सरकारी वकील आहेत. मुलाच्या प्रमाणपत्रावर ७५ टक्के लिहिलेलं आहे, आणि ते वाचून लोक त्याच्या शब्दाला उरलेले पंचवीस टक्के देतात. कायदा टक्के विचारतच नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२४ एवढंच पाहतं की प्रश्न समजतात का आणि त्यांना सुसंगत उत्तरं देता येतात का. मग आज तारीख काय, मुख्यमंत्री कोण, अशा प्रश्नांवरून त्याची पात्रता ठरू नये. साध्या शब्दांत विचारलेल्या साध्या प्रश्नांवरून ठरावी. २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की दिव्यांग व्यक्तीची साक्ष केवळ दिव्यांगत्वामुळे दुबळी मानता येत नाही. २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्याच्या प्रकरणात न्यायालयाने 'असुरक्षित साक्षीदार' या व्याख्येत दिव्यांगांना घेतलं आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांच्या साक्षीसाठी वेगळं केंद्र उभारायला सांगितलं. आमचा खटला मात्र तालुक्याच्या न्यायालयात आहे. साक्षीसाठी ते केंद्र वापरायचं तर सरकारी वकिलांनी तसा अर्ज करायला हवा.

त्याच अर्जात उलटतपासणीच्या प्रश्नांबद्दलही लिहिता येतं. "तू त्या दिवशी तिथं नव्हतास हे म्हणणं खोटं आहे, हे खरं ना?" अशा वाक्यात मीही अडखळेन. एका प्रश्नात एकच गोष्ट, नकारावर नकार नाही, 'ना?' ने संपणारे प्रश्न नाहीत, अर्ध्या तासाने विश्रांती, आणि साक्षीच्या आधी एकदा रिकामं कोर्ट दाखवून आणायचं. याने बचावाचा हक्क कमी होत नाही. वकिलांना वाट्टेल ते विचारता येतं, फक्त समजेल असं विचारायचं. मी अशी दोन पानी टिपणी करून सहायक सरकारी अभियोक्त्यांना दिली आहे. त्यांनी ती वाचली, पण न्यायालयात दाखल करण्याबाबत वरून काही सूचना नाहीत, असं म्हणाले. अभियोग संचालनालय आपल्याच खात्याखाली येतं, म्हणून ती सूचना आपणच देऊ शकता.

या उपायांनाही मर्यादा आहेत. ज्याला बोलताच येत नाही आणि खुणाही पक्क्या नाहीत, अशा व्यक्तीकडून विशेष शिक्षकही घटना काढू शकत नाही. काढल्याचा दावा केला तर तो संशयास्पदच मानावा. घटनेनंतर घरात, पारावर त्याच गोष्टीची चर्चा महिनाभर झाली असेल, तर काय पाहिलं आणि काय ऐकलं हे वेगळं करणं अवघड होतं. म्हणूनच पहिला जबाब लवकर आणि नीट व्हायला हवा.

या खटल्यात समन्स निघालं आहे. परिपत्रकाला वेळ लागणार असेल, तर निदान सरकारी वकिलांना तेवढी एक सूचना साक्षीच्या तारखेआधी पोहोचावी, ही विनंती.

आपली,
एक विशेष शिक्षिका, मराठवाडा

प्रत : मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग