तेलाची पिशवी, तुपाची वाटी आणि बाबांची शेंगदाण्याची मूठ

ति. आई-बाबांना सा. न.

रविवारी सुखरूप पोचले. चार दिवस तुमच्या स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन फिरले त्याबद्दल आई अजून रागावलेली असणार. पण बाबांनी भात कमी केला, रात्रीची एक पोळी सोडली, तरी वजन तीन किलोंनी वाढलं कसं, ते मला शोधायचंच होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी बाबांना दिवसाला १६०० कॅलरी आणि त्यात ४५ ग्रॅम स्निग्धांश सांगितलाय. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे साधारण चारशे कॅलरी तेला-तुपाच्या खात्यात. आई म्हणाली, "आपल्याला तेल लागतंच कुठे?" मग मी वाण्याची बिलं काढली. महिन्याला एक लिटरच्या तीन पिशव्या. एका पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं. तीन पिशव्या तीस दिवसांत दोघांनी संपवल्या, तर माणशी रोज ४५ ग्रॅम! थोडं तळणीत उरून टाकलं जातं, थोडं पाहुण्यांच्या पोटात जातं, हे मान्य. पण अख्खा कोटा जवळजवळ तेलातच संपतोय, आणि दूध, तूप, दाणे अजून मोजलेलेच नाहीत.

आणि बाबा, तुमचे ते 'हृदयाला चांगले' दाणे. सकाळी दहा बदाम, चार अर्ध्या अक्रोडाच्या फोडी, संध्याकाळी चहाबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे. तुमची मूठ मी काट्यावर रिकामी करायला लावली होती, आठवतंय? ४० ग्रॅम भरली. नुसत्या त्या मुठीत २० ग्रॅम स्निग्धांश आणि सव्वादोनशे कॅलरी आहेत. बदाम-अक्रोड धरून साडेतीनशेच्या आसपास जातं. सोडली काय, तर शंभर कॅलरींची पोळी! दाणे वाईट नाहीत. त्यांच्यासाठी दुसरं काही कमी केलं नाही, तिथे गणित बिघडलं.

आता मी मांडलेला हिशोब. चहा-दह्याचं मिळून माणशी ३०० मिली गाईचं दूध, त्यात दहा ग्रॅम. पोळी, भाकरी, डाळ यांत न दिसणारे सहा-सात. उरले अठ्ठावीस-एकोणतीस. त्यात तीन छोटे चमचे तेल (साडेतेरा), एक चमचा तूप (साडेचार), १५ ग्रॅम शेंगदाणे (साडेसात) आणि पाच बदाम (तीन). बसलं. अक्रोड खायचे असतील त्या दिवशी बदाम नाहीत, आणि फोडी दोनच. भाजीत दाण्याचं कूट घातलं तर तेही त्याच १५ ग्रॅममधलं.

आई, चमचा म्हणजे पोह्यांचा नव्हे. त्यात दुप्पट मावतं. खोकल्याच्या औषधाचं ते खुणांचं टोपण धुऊन ठेवलंय, त्यातली ५ मिलीची खूण म्हणजे एक चमचा. सकाळी दोघांचं मिळून सहा चमचे तेल एका वाटीत काढ आणि दिवसभर त्यातूनच घे. तुझी फोडणीची पळी मी मोजली होती, २५ मिली भरली. एका भाजीतच वाटीचा तळ दिसेल, आणि चुकतंय कुठे ते तुलाच कळेल. मोहरी दोन चमचे तेलात छान तडतडते, फक्त लहान कढई घे. मोठ्या कढईत तेल पसरतं आणि आपण "अजून थोडं" म्हणून ओततो. हा हिशोब पाळला तर महिन्याला ९०० मिली लागतं, म्हणजे एकच पिशवी. पुऱ्या केल्यास तर त्या दिवशीचा हिशोब सोड, पण दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा काढ.

घाण्याचं तेल घेतेस ते चालू ठेव, चवीला छानच आहे. पण घाण्याचं असो वा पिशवीतलं, कॅलरी तेवढ्याच. शेंगदाणा आणि करडई आलटून पालटून वापर, महागडं परदेशी तेल नको. "घरचं तूप अंगाला लागत नाही" हे मात्र मला मान्य नाही. लागतं, तेलाइतकंच लागतं. शिवाय तुपातला निम्म्याहून जास्त भाग संपृक्त असतो आणि बाबांचं कोलेस्टेरॉल आधीच वर आहे. म्हणून एकच चमचा, वरणभातावर, जिथे त्याचा वास येतो तिथे. पोळीला लावलेलं कळतही नाही. लसूण-खोबऱ्याची चटणी तुपाच्याच खात्यात धर, सुक्या खोबऱ्यात जवळजवळ दोन तृतीयांश स्निग्धांश असतो आणि तोही बहुतेक संपृक्तच. चटणी झाली त्या दिवशी वरणावर तूप अर्धा चमचा.

बाबा, शेंगदाण्याच्या १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधून फडताळातल्या निळ्या डब्यात ठेवल्यात. रोज एक. दोन खाल्ल्यात तर आई मला फोन करणार आहे, तसं ठरलंय आमचं.

तुमची,
धाकटी