कापलेली पट्टी: आरोग्यमंत्र्यांना एका आशाताईचं खुलं पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आशा म्हणून काम करते. गेल्या महिन्यात समाजमंदिरात बायकांची बैठक घेतली आणि येताना घरातला औषधांचा डबा घेऊन या, असं सगळ्यांना सांगितलं. कुणी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, कुणी सुपारीचा, एका काकूंनी पदराच्या गाठीत बांधून आणलं. सतरंजीवर सगळं ओतल्यावर पूर्ण पट्टी एखादीच दिसली. बाकी सगळे कात्रीने कापलेले तुकडे होते. दोन गोळ्यांचे, तीन गोळ्यांचे. तारखेची बाजू दुकानात राहिलेली आणि नावाचा फक्त शेवट उरलेला: "फ्लॉक्सासिन 500".

हा शेवट असणारी औषधं एक नाही, कितीतरी आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आहे. गावात मात्र या सगळ्यांना एकच नाव, "ती पांढरी मोठी गोळी, लगेच गुण येतो". त्या तुकड्यातल्या चार गोळ्यांनी आमच्या वस्तीवर काय केलं, तेच मी बैठकीत सांगितलं. आपल्यालाही तेच सांगायचं आहे.

एका वहिनींना लघवीला जळजळ होत होती. डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन दिलं, रोज एक, सात दिवस. तिसऱ्या दिवशी आराम पडला तशी त्यांनी गोळी बंद केली. चार उरल्या त्या डब्यात गेल्या. महिनाभराने त्यांच्या चुलत दिरांना खोकला आणि बारीक ताप सुरू झाला. हे दादा ट्रॅक्टर चालवतात, वय बेचाळीस. तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाचा खाडा. वहिनींनी मायेने त्या चार गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर मेहुण्यांच्या घरून तसल्याच आणखी पाच आल्या. नऊ दिवसांत ताप उतरला, खोकलाही कमी झाला. त्याच आठवड्यात मी घरोघरी दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेली माणसं शोधत फिरत होते. दादा म्हणाले, "होता ताई, पण आता बरंय." मी पुढच्या घरी गेले.

दादांना क्षयरोग होता.

लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही चालतं. नेहमीच्या टीबीच्या गोळ्या ज्यांना लागू पडत नाहीत, अशा रोग्यांसाठी टीबीच्या उपचारात डॉक्टर ते राखून ठेवतात. म्हणून दादांना खरोखरच बरं वाटलं. जंतू कमी झाले, संपले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांच्या बायकोने मला बोलावलं, तोवर दादांचं वजन सात किलोने घटलं होतं आणि रोज संध्याकाळी अंग तापत होतं. पहिल्या थुंकीत दुर्बिणीखाली जंतू दिसले नाहीत. ट्रूनॅट मशीनवर तपासल्यावर टीबी सापडला. या दोन महिन्यांत त्यांचा चार वर्षांचा मुलगा रोज त्यांच्याच कुशीत झोपत होता. आता त्या लेकराचीही तपासणी झाली आणि त्याला प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू आहेत.

बैठकीत एक आजी म्हणाल्या, "अगं, पण गुण आला होता ना? मग वाईट काय झालं?" प्रश्न रास्त होता. मी समजावायला लागले, तेवढ्यात त्यांचा मुलगा दारातून बोलला. त्यांची द्राक्षबाग आहे. तो म्हणाला, "आये, द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर आपण आत भिनणारं औषध कधी एकटं मारतो का? मॅन्कोझेबसारखं दुसरं बुरशीनाशक घालूनच मारतो. एकटंच मारत राहिलं तर पुढं ते औषध लागू होत नाही."

मला वीस मिनिटं लागली असती ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. टीबीचंही तसंच आहे. अंगातल्या कोट्यवधी जंतूंत कुठल्याही एका औषधाला दाद न देणारे थोडे आधीपासूनच असतात. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात, तेवढेच उरतात आणि मग तेच वाढतात. म्हणून टीबीला सुरुवातीचे दोन महिने चार औषधं एकत्र देतात आणि पुढचे चार महिने तीन. शेजारणीची एकटी गोळी नेमकं याच्या उलट काम करते. रोग झाकते, आणि डॉक्टरांनी राखून ठेवलेलं हत्यार बोथट होण्याचा धोका वाढवते. दादांना नेहमीची औषधं लागू पडत आहेत, एवढं बरं.

साहेब, मी वहिनींना दोष देत नाही. आमच्याकडे ताकाचं विरजण मागायला जावं तशी गोळी मागितली जाते आणि नाही म्हणणं वाईट दिसतं. उरलेली प्रत्येक गोळी हलगर्जीपणानेच उरते असंही नाही. कधी अंगावर पुरळ येतं म्हणून डॉक्टर स्वतःच औषध बदलतात. पण उरलेल्या गोळीचं करायचं काय, हे वहिनींना आजवर कुणी सांगितलेलं नाही. फेकायला जीव होत नाही, आणि उकिरड्यात टाकली तर औषध मातीत जातं.

लिव्होफ्लॉक्सासिन औषधविक्रीच्या नियमांतल्या एच-1 यादीत आहे. 2014 पासून हे औषध विकताना दुकानदाराला डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. नियम चांगला आहे. पण रजिस्टर दुकानाच्या काउंटरवर संपतं, आणि आमच्या वस्तीवर गोळी त्यानंतर दोन घरं फिरली. तिथे पाहणारी फक्त मी असते, आणि मला त्याबद्दल काही करायला सांगितलेलं नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रतिजैविकाची पट्टी कापून द्यायची असेल तर ती पाकिटात घालावी आणि पाकिटावर मराठीत औषधाचं पूर्ण नाव, मुदत, कुणासाठी आणि किती दिवस ते लिहावं. हे दुकानदारांवर बंधनकारक करा. प्रत्येक उपकेंद्रात उरलेल्या औषधांसाठी एक कुलपाची पेटी द्या. मुदत संपलेली आणि टाकायची औषधं पिवळ्या पिशवीतून नेण्याची सोय दवाखान्यांच्या कचऱ्याबद्दलच्या 2016 च्या नियमांत आहेच, गावातून आलेल्या गोळ्याही त्यातूनच जाऊ देत.

तिसरी मागणी माझ्या कामाची आहे. खोकल्याच्या सर्वेक्षणात आम्ही विचारतो, "दोन आठवडे खोकला आहे का?" त्याच्याखाली आणखी एक ओळ छापा: "गेल्या दोन महिन्यांत खोकल्यासाठी कुणाच्या घरची गोळी घेतली का?" उत्तर हो आलं, तर आज बरं वाटत असलं तरी त्या माणसाची थुंकी तपासायला पाठवायची मुभा आम्हाला द्या. ती ओळ त्या दिवशी माझ्या कागदावर असती, तर मी दादांच्या दारातून थुंकीची डबी दिल्याशिवाय निघाले नसते.

बैठकीनंतर सतरंजीवरच्या गोळ्या बायकांनी माझ्याकडे दिल्या. त्या एका जुन्या बरणीत, माझ्या घरी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा माळ्यावर ठेवल्या आहेत. उपकेंद्रात द्यायला गेले तर घ्यायचा आदेश नाही असं कळलं. तो आदेश निघाला की त्याच दिवशी मी बरणी घेऊन जाईन.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
तालुका तासगाव, जिल्हा सांगली