रात्रपाळीवाल्यालाही दिवसाची रजा लागते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये मी कायम रात्रपाळी करतो. रात्री ११ ला पाळी सुरू होते आणि सकाळी ७ ला सुटते. स्वरयंत्राचा कर्करोग अगदी प्राथमिक अवस्थेत सापडल्याने माझ्यावर शस्त्रक्रिया होणार नाही; रेडिएशनचे, म्हणजे आमच्याकडे ज्याला शेक म्हणतात त्याचे, २८ डोस घ्यायचे आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे साडेपाच आठवड्यांहून थोडे अधिक. त्यासाठी पाळी बदलून मिळावी आणि शेवटचे काही आठवडे रजा मिळावी असा अर्ज मी दिला, तेव्हा कार्यालयातून पहिला प्रश्न आला तो असा : ‘तुमची तर रात्रपाळी, दिवस मोकळाच असतो, मग रजा कशाला?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडे नव्हते, हे मी जाणतो. परंतु रात्रपाळीच्या अनेक कामगारांना दवाखान्याच्या कामासाठी हेच उत्तर मिळत असावे, म्हणून माझ्या अर्जामागचा हिशेब आपल्या वाचकांसमोर, विशेषतः हजेरी आणि पाळ्या ठरवणाऱ्यांसमोर, ठेवतो.

दिवस मोकळा असतो म्हणजे काय, ते आधी पाहू. सात वाजता गेटबाहेर पडलेला माणूस घरी पोहोचून, आंघोळ-नाश्ता उरकून नऊच्या सुमारास आडवा होतो. रेडिएशनची वेळ सकाळी साडेअकराची मिळाली, तर त्याला दहाला उठावे लागते. प्रत्यक्ष टेबलावर दहा-पंधरा मिनिटेच जातात आणि त्यातही किरण सुरू असतात ते थोडा वेळ. पण जाणे, नंबर लागेपर्यंत थांबणे आणि परत येणे धरले, तर घरी यायला दीड-दोन वाजतात. म्हणजे झोपेचे दोन तुकडे होतात : एक तासाभराचा आणि दुसरा भर दुपारच्या उकाड्यात, शेजारच्या मुलांची शाळा सुटेपर्यंतचा. दिवसपाळीच्या माणसाला रोज रात्री बारा ते चार उठवून दवाखान्यात पाठवले आणि सकाळी पुन्हा प्रेसवर उभे केले, तर त्याला आपण काय म्हणू? आमच्याकडून महिनाभर नेमके तेच अपेक्षित आहे.

पाळी सुटल्यावर थेट दवाखान्यात जाऊन सव्वाआठला डोस घ्यावा आणि मग घरी येऊन सलग झोपावे, हा पहिला उपाय कुणालाही सुचेल, आणि मीही तो विचारून पाहिला. सकाळच्या पहिल्या वेळा बहुधा लहान मुलांसाठी राखलेल्या असतात, कारण त्यांना हालचाल करू नये म्हणून भूल द्यावी लागते आणि तोवर उपाशी ठेवावे लागते. त्यांच्या पुढे माझा नंबर लावा असे म्हणण्याचे धाडस मला झाले नाही, आणि होऊही नये. मला दहाची वेळ मिळाली आहे.

दुसरी अडचण उपचाराच्या चालीची आहे. वरिष्ठांनी सुचवले की, काम जास्त असेल त्या दिवशी डोस चुकवावा आणि नंतर भरून काढावा. रेडिएशनमध्ये तसे करता येत नाही. एकूण डोस तितकाच राहिला तरी तो पुरा व्हायला जितके दिवस जास्त लागतील, तितका गाठीतल्या पेशींना पुन्हा वाढायला अवसर मिळतो; स्वरयंत्राच्या आणि एकूणच तोंड-घशाच्या कर्करोगात हा फरक पडतो, हे डॉक्टर सुरुवातीलाच बजावून सांगतात. उलट यंत्र बंद पडले किंवा सणाची सुटी आली, तर तो दिवस शनिवारी किंवा शेवटी जोडून भरून काढावा लागतो. म्हणून माझ्या अर्जात मी ‘अमुक तारखेपर्यंत’ असे न लिहिता ‘२८ डोस पूर्ण होईपर्यंत’ असे लिहिले. कार्यालयाला तारीख हवी असते, हे खरे आहे; त्यांना मी अंदाजे तारीख आणि तिच्यापुढे चार-पाच दिवसांची सवड असे दोन्ही दिले आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे त्रास रोज सारखा नसतो, आणि रजेची मांडणी यावरच अवलंबून आहे. पहिले दोन आठवडे बहुतेकांना फारसे काही जाणवत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून घसा दुखू लागतो, गिळताना टोचते, आवाज अधिक बसतो आणि मानेची कातडी लाल होऊन जळजळते. थकवा साचत जातो आणि उपचार संपल्यावरही लगेच उतरत नाही. घशाचा त्रास तर शेवटच्या डोसानंतरचे एक-दोन आठवडे सर्वांत जास्त असू शकतो. आमच्या शॉपमध्ये प्रेसच्या आवाजात दोन फुटांवरच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते, आणि मला तर शक्यतो बोलू नका असे सांगितले आहे. गणवेशाची ताठ कॉलर आणि तिला लागलेले तेल मानेवर घासते, तेही टाळायचे आहे. शिवाय पहाटे चारला, अर्धवट झोपेत, प्रेसच्या दोन्ही बटनांवर हात ठेवून उभ्या असलेल्या थकलेल्या माणसाच्या बोटांची काळजी कारखान्यालाही असायलाच हवी.

हे सगळे धरून मी जी पाळी सुचवली आहे ती अशी आहे. पहिले चार आठवडे मला दुसरी पाळी, म्हणजे दुपारी ३ ते रात्री ११, द्यावी. मग रात्रीची झोप सलग मिळते, सकाळी दहाला डोस होतो आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर तपासतात त्या दिवशी एक-दीड वाजला तरी तीनला गेटवर पोहोचता येते. या चार आठवड्यांत मला एकही रजा लागत नाही. त्यांपैकी पहिले दोन आठवडे मी माझ्या नेहमीच्या प्रेसवर राहीन. पुढचे दोन आठवडे मला काचेच्या खोलीतल्या माल तपासणीच्या टेबलावर बसवावे आणि तिथला प्रेस चालवता येणारा सहकारी माझ्या जागी यावा. माझी रात्रपाळी दुसऱ्या पाळीतल्या चार सहकाऱ्यांनी एकेक आठवडा वाटून घ्यायची आहे, त्यामुळे कुणालाही सलग एका आठवड्याहून जास्त रात्री पडत नाहीत, आणि रात्रीचा भत्ता त्या आठवड्यात ज्याचा त्याला मिळतो. चौघांच्या सह्या अर्जाला जोडल्या आहेत. पाचवा, सहावा आणि सातवा आठवडा मात्र मला पूर्ण रजा हवी. सहाव्याच्या मध्यावर डोस संपतील आणि उरलेले दिवस घसा सावरायला लागतील. आठव्यात तपासणी करून डॉक्टरांनी लिहून दिले की रात्रपाळीला परत येईन.

आता रजेचा हिशेब. सातही आठवडे रजा घेतली, तर साप्ताहिक सुटी वगळून ४२ दिवस होतात. सुचवल्याप्रमाणे केले, तर १८. कायद्यात २० दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा आणि शिल्लक रजा ३० दिवसांपर्यंत पुढे नेण्याची सोय आहे, तशा साठलेल्या माझ्या रजेत ४२ बसत नाहीत, १८ बसतात. बिनपगारी राहण्याची पाळी माझ्यावर येत नाही आणि कारखान्याला अर्ध्याहून जास्त दिवस कुशल माणूस मिळतो. ज्यांचे वेतन कर्मचारी राज्य विम्याच्या मर्यादेत, म्हणजे २०१७ पासून लागू झालेल्या २१,००० रुपयांच्या आत आहे, त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना आजारपणात वेतनाच्या ७० टक्के लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, आणि कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत, सलग दोन वर्षे विमा असल्यास, ८० टक्क्यांनी तो पुढेही चालतो. त्यांनी काम ओढत राहण्यापेक्षा तोच लाभ घ्यावा, असे मला वाटते. माझे वेतन मर्यादेच्या थोडे वर गेले आणि मी त्या योजनेबाहेर पडलो. पगारवाढीचा हा एक तोटा कुणी सांगत नाही.

पाळी बदलताना एक तांत्रिक घोळ हमखास होतो. रात्रपाळी दोन तारखांत विभागलेली असते, त्यामुळे ‘मंगळवारची रजा’ म्हणजे सोमवारी रात्री सुरू होऊन मंगळवारी सकाळी संपणारी पाळी की मंगळवारी रात्री सुरू होणारी, यात हजेरी लिहिणारा आणि रजा घेणारा वेगवेगळे समजतात. बुधवारी सकाळी तपासणी असलेल्याला मंगळवारी रात्री ११ ची पाळी सोडायची असते, आणि त्याला आदल्या रात्री घरी बसवले जाते. यावर जुनाच नियम आहे : १९४८ च्या कारखाना कायद्याने रात्रपाळीच्या कामगाराची साप्ताहिक सुटी त्याची पाळी संपल्यापासून पुढचे २४ तास अशी ठरवली, आणि मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायला सांगितले. माझी अदलाबदल मी त्यावरच बसवली आहे : रविवारी सकाळी ७ ला शेवटची रात्रपाळी संपते, सोमवारी सकाळी ७ पर्यंत सुटी, दहाला पहिला डोस आणि तीनला दुसरी पाळी. अर्जात मी प्रत्येक पाळीपुढे सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख व वेळ दोन्ही लिहिल्या आहेत. इतरांनीही तसे करावे.

या सगळ्याला वेळ मिळत नाही असेही नाही. उपचाराआधी प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि मानेवर बसवतात, ती घट्ट होऊन त्याचा मुखवटा बनतो आणि प्रत्येक डोसाला तोच चढवून डोके टेबलाला पक्के करतात. मुखवटा आणि स्कॅन झाल्यापासून पहिल्या डोसापर्यंत नियोजनाला साधारण आठवडा-दहा दिवस जातात. आमच्या शॉपमध्ये पाळीपत्रक दर शनिवारी फलकावर लागते. मुखवट्याच्या दिवशीच दवाखान्याने डोसांची संख्या, आठवड्यातले वार, ठरलेली वेळ, तपासणीचा वार आणि त्रास वाढण्याचा अंदाजे काळ अशा पाच ओळींचे पत्र रुग्णाच्या हातात दिले, तर पुढच्या शनिवारचे पत्रक त्यानुसार लागू शकते. सध्या मिळते ते ‘उपचार सुरू आहेत’ एवढ्या एका ओळीचे प्रमाणपत्र, आणि त्यावरून कोणताही सुपरवायझर पाळी आखू शकणार नाही. माझ्या डॉक्टरांनी विनंती केल्यावर तसे सविस्तर पत्र दिले; ते मी परवा अर्जाला जोडून पुन्हा दाखल केले आहे आणि येत्या शनिवारच्या पत्रकात माझे नाव दुसऱ्या पाळीखाली असावे एवढीच माझी व्यवस्थापनाकडे मागणी आहे.

आपला नम्र,
एक प्रेस ऑपरेटर,
सातपूर, नाशिक