तुझ्या गाण्यातला शुद्ध धैवत

पुणे, १४ जुलै

प्रिय अनिकेत,

तुझं नदीचं गाणं परवापासून पुन्हापुन्हा ऐकतोय. शब्द अस्सल मातीतले आहेत, पण गाणं जमिनीवर टेकत नाही ही तुझी तक्रार खरी आहे. गिटार घेऊन बसलो तेव्हा कारण सापडलं.

कडवं संपताना डी मायनरवर परतण्याआधी तू ए मेजर वाजवतोस. त्यात सी शार्प आहे, म्हणजे डीला सा धरलं तर शुद्ध नि. तो सा कडे इतका ओढतो की गाणं एकदम सिनेमाच्या वळणावर जातं. तिथे सी मेजर घे. आणि मधे जो बी फ्लॅट येतो, त्याजागी जी मेजर. त्यातला बी म्हणजे आपला शुद्ध ध. आता ग आणि नि कोमल, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे सरळ काफी थाट झाला. त्यालाच तिकडे डोरियन म्हणतात.

सगळी गंमत त्या ध मध्ये आहे. ‘स्कारबरो फेअर’ ही जुनी इंग्रजी लोकचाल आठव. रूढ चालीत हा स्वर फक्त दुसऱ्या ओळीत, एकदाच लागतो, आणि उदास चालीत क्षणभर ऊन पडतं. तूही तो जपून वापर. ‘पैलतीर’ या शब्दावर लाव, इतरत्र नको.

आता ड्रोन. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर खाली उतरव, म्हणजे डी-ए-डी-जी-ए-डी होईल. मोकळी चौथी आणि पाचवी तार, म्हणजे सा आणि प, गाणंभर वाजत राहू दे. गोंधळात तुणतुण्याची तार कशी शेवटपर्यंत जागची हलत नाही, तशी. ड्रोनमध्ये ग अजिबात नको. तो गळ्यासाठी राखून ठेव, म्हणजे तू कोमल ग लावलास की तो काळजात उतरेल.

एक धोका सांगतो. हे सगळे स्वर सी मेजरचेच आहेत. माझ्या पहिल्या प्रयत्नात जीवरून सीवर येऊन मी चार मात्रांऐवजी सोळा मात्रा थांबलो, तर कानाला सी हेच घर वाटायला लागलं आणि डी पाहुणा झाला. हे ओळखायचं कसं? गाणं मधेच थांबव आणि जो स्वर आपोआप गुणगुणावासा वाटेल तो बघ. तो डी नसेल तर सीवरचा मुक्काम कमी कर, आणि जी, सी दोन्हींच्या वेळी बेस डीवरच धरून ठेव. सीखाली तो डी जरा घासतो. घासू दे, मला तो खरखरीतपणाच हवाय.

मात्र सहावी तार ड्रोनला घेऊ नकोस. तिचा खर्ज बेस गिटारच्या अंगावर येतो आणि नुसता घुमारा उरतो. आणि तारा लावताना सा-प एकत्र छेडून ऐक. आवाजात लाट आली, तर प अजून लागलेला नाही. लाट मंदावत पूर्ण थांबेपर्यंत खुंटी फिरवत राहा.

पहिलं कडवं तेवढं असं वाजवून पाठव. ड्रम नको, नुसती गिटार आणि तुझा आवाज. शनिवारी रात्री मी घरीच आहे.

तुझाच,
मंदार