एफडीचा टीडीएस कापला म्हणजे टॅक्स भरून झाला, असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदा इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत ३१ जुलैची वाढून आधी १५ सप्टेंबर आणि मग आणखी एक दिवस म्हणजे १६ सप्टेंबर २०२५ झाली, तेव्हा तुमच्या पेपरात ती बातमी पहिल्या पानावर होती. ती वाचून आमच्या ऑफिसातले एक सहकारी म्हणाले, चला, आता टॅक्स भरायला पण दीड महिना मिळाला. मी त्यांना सांगत होते की अहो रिटर्नची तारीख पुढे गेलीये, व्याजाचं मीटर चालूच आहे, पण पेपरात तसं कुठं लिहिलंय असं ते म्हणाले आणि खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यांचे साधारण ४०,००० भरायचे बाकी होते. वर्षात ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्याने भरायचा टॅक्स, काहीच भरला नव्हता, त्यामुळे कलम २३४बी प्रमाणे १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का लागत होता, आणि सप्टेंबरमध्ये भरल्यावर सहा महिन्यांचे २,४०० झाले. एप्रिलमध्येच भरले असते तर ४०० मध्ये भागलं असतं. रिटर्न भरल्याशिवाय टॅक्स भरता येत नाही असं त्यांना वाटत होतं. तसं काही नाही, टॅक्स एप्रिलमध्ये भरून टाकायचा आणि रिटर्न नंतर सवडीने भरायचं, आपण पैसे भरले की तेवढ्या रकमेवरचं हे व्याज तिथंच थांबतं.

हे मला कळतं कारण मी स्वतः आधी यातून गेलेय, म्हणून हे पत्र.

आमच्या आईच्या बऱ्याच एफडी होत्या. ती गेल्यावर त्या माझ्या नावावर आल्या आणि २०२३-२४ या वर्षाचं सगळं व्याज माझ्या उत्पन्नात धरलं गेलं, ३,००,००० रुपये. आईचं रिटर्न मीच भरायचे, तिला कधी हप्ते भरावे लागले नाहीत आणि कधी व्याज पण लागलं नाही, जो काय टॅक्स निघायचा तो जुलैमध्ये भरायचा आणि विषय संपला. मला वाटलं एफडी त्याच, बँक तीच, मग माझंही तसंच असणार. पण आईचं वय साठच्या वर होतं आणि तिला धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नव्हतं, अशा ज्येष्ठ नागरिकांना ॲडव्हान्स टॅक्स माफ आहे. मी नोकरी करणारी, वय ४८. मला ती माफी नाही. एफडी वारसाने आली, माफी नाही आली.

दुसरं म्हणजे बँकेने टीडीएस कापलेला दिसत होता, ३,००,००० वर १० टक्के म्हणजे ३०,०००. पगाराचा टीडीएस ऑफिस कापतंच. मग राहिलं काय? राहिलं ते असं की बँक सगळ्यांचा सरसकट १० टक्के कापते, तुम्ही कुठल्या स्लॅबमध्ये आहात हे तिला माहीत नसतं. माझा पगार ३० टक्क्यांच्या स्लॅबपर्यंत आधीच पोचलेला, म्हणजे त्यावर येणारा व्याजाचा प्रत्येक रुपया ३० टक्क्यांत. ३,००,००० चे ९०,०००, त्यावर ४ टक्के सेस ३,६००, झाले ९३,६००. त्यातून बँकेने कापलेले ३०,००० गेले की उरतात ६३,६००. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा जास्त उरत असेल तर तो वर्षाच्या आतच हप्त्याने भरायचा असतो, यालाच ॲडव्हान्स टॅक्स म्हणतात. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण.

त्यात माझ्या निम्म्या एफडी क्युम्युलेटिव्ह, म्हणजे व्याज आतल्या आत मुद्दलात मिळत जातं आणि मुदत संपल्यावरच हातात येतं. हातात एक पैसा आलेला नाही तर टॅक्स कसला, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. पण बँक दरवर्षी जमा धरलेलं व्याज दाखवते, त्यावर टीडीएस कापते, आणि ते एआयएसमध्ये, म्हणजे टॅक्स खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, तुमच्या पॅनवर येतं. त्या वर्षात आपण ते धरलं नाही तर टीडीएस एका वर्षात आणि उत्पन्न भलत्याच वर्षात असा घोळ होतो.

जुलै २०२४ मध्ये रिटर्न भरायला बसले तर शेवटच्या पानावर ६३,६०० च्या खाली दोन ओळी आणखी होत्या. २३४बी – २,५४४. २३४सी – ३,२१०. दोन वेगवेगळी व्याजं आहेत हेच मला तोवर माहीत नव्हतं.

२३४सी हे हप्ता चुकल्याचं व्याज. जूनचा हप्ता ९,५४० हवा होता, शंभराच्या पटीत खाली आणून ९,५०० वर तीन महिन्यांचे ३ टक्के, २८५. सप्टेंबरपर्यंत २८,६२० हवे होते, त्याचे ८५८. डिसेंबरपर्यंत ४७,७००, त्याचे १,४३१. आणि मार्चच्या पूर्ण रकमेवर एकाच महिन्याचा १ टक्का, ६३६. बेरीज ३,२१०. २३४बी वेगळं, ते वर्ष संपेपर्यंत ९० टक्के सुद्धा न भरल्याचं, एप्रिल मे जून जुलै असे चार महिने, आणि महिन्यातला एक दिवस जरी गेला तरी अख्खा महिना धरतात. दोन्ही मिळून ५,७५४ रुपये. कुणी नोटीस पाठवली नाही, कुणी फोन केला नाही, वर्षभर ते नुसतं वाढत होतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. १५ मार्चची तारीख हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेले पैसे ॲडव्हान्स टॅक्सच धरले जातात. म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जरी मी ६३,६०० भरले असते तरी २३४सी चे ३,२१० लागले असते पण २३४बी चे २,५४४ पूर्ण वाचले असते. पैसे माझ्या सेव्हिंग खात्यात पडून होते हो. मार्चमध्ये आपण सगळे पीपीएफ, मेडिक्लेम यांच्या मागे असतो, हे कुणी सांगतच नाही.

आणि नोकरदारांसाठी याहून सोपा रस्ता आहे. व्याजाचं उत्पन्न ऑफिसला लेखी कळवायचं, ते पगारातून जास्तीचा टीडीएस कापतात. टीडीएस वर्षात कधीही कापला गेला तरी २३४सी च्या हिशेबात तो आधीच टॅक्समधून वजा होतो, अगदी फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कापला तरी. स्वतः चलन भरलं तर तारीख बघतात, टीडीएसची तारीख बघत नाहीत. ज्यांच्या पगारात तेवढी जागा आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारीतच अकाउंट्समध्ये जाऊन बोलावं. आमच्या ऑफिसात मात्र, मी विचारलं तर बाहेरचं उत्पन्न आम्ही घेत नाही म्हणाले, त्यामुळे मी हप्ते स्वतःच भरते.

२०२४-२५ मध्ये मी नीट भरले. तेच ३,००,००० व्याज येईल असं धरून जूनमध्ये ९,५४०, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये १९,०८० असे दोनदा, एकूण ४७,७००. जानेवारीत घरासाठी पैसे लागले म्हणून मोठ्या एफडी मोडाव्या लागल्या आणि वर्षाचं व्याज शेवटी २,००,००० च झालं. पुन्हा हिशेब केला, टॅक्स ६२,४००, बँकेचा टीडीएस २०,०००, राहिले ४२,४००, आणि मी भरून बसलेले ४७,७००. मार्चचा हप्ता मग भरलाच नाही, त्यासाठी कुणाला कळवावं लागत नाही, कुठला फॉर्म नाही, आपला अंदाज आपणच बदलायचा. वरचे ५,३०० रिफंड म्हणून आले.

त्या रिफंडवर व्याज मात्र मिळालं नाही. जास्त भरलेल्या ॲडव्हान्स टॅक्सवर सरकार दरमहा अर्धा टक्का देतं, रिटर्न वेळेत भरलेलं असेल तर १ एप्रिलपासून, पण रिफंड एकूण टॅक्सच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर काहीच नाही. एकूण म्हणजे पगारासकट सगळा टॅक्स, त्याच्यापुढे ५,३०० किरकोळच. आपल्याकडून १ टक्का घ्यायचा आणि देताना अर्धा, तोही अशी अट घालून, हे मला पटत नाही आणि मी ते इथं स्पष्ट लिहिते. पण म्हणून घाबरून जास्त भरून ठेवण्यातही अर्थ नाही. जूनमध्ये १५ ऐवजी १२ टक्के आणि सप्टेंबरपर्यंत ४५ ऐवजी ३६ टक्के भरले तरी २३४सी लागत नाही, तेवढी ढील कायद्यातच आहे. डिसेंबर आणि मार्चला ती नाही, त्यामुळे डिसेंबरच्या आधी बँकेकडून तोवरचं व्याज किती झालं ते काढून घ्यायचं आणि हिशेब पुन्हा करायचा.

भरताना एका ठिकाणी लोक हमखास चुकतात. पोर्टलवर e-Pay Tax मध्ये गेलं की Assessment Year विचारतात, तिथं चालू वर्ष नाही टाकायचं. २०२५-२६ मधल्या उत्पन्नाचं असेसमेंट इयर २०२६-२७. आणि प्रकार Advance Tax (100) निवडायचा, Self Assessment Tax (300) हा वर्ष संपल्यावरचा. माझ्या मावसबहिणीने वर्ष चुकीचं निवडलं, पैसे गेले, चलन आलं, पण रिटर्न भरताना ते त्या वर्षात दिसेचना आणि टॅक्स पूर्ण बाकी दाखवत होतं. पोर्टलवर चलन दुरुस्तीची सोय आहे पण तिचे दिवस फार थोडे असतात, तिला हे जुलैमध्ये कळलं तोवर ते उलटून गेले होते आणि मग अर्ज घेऊन इन्कम टॅक्स ऑफिसच्या खेपा. म्हणून भरल्यावर आठवडाभरात एआयएस उघडून बघायचं, रक्कम, तारीख आणि वर्ष तिघंही जागेवर आहेत का.

संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच. जुलै आला की तुम्ही रिटर्न कसं भरायचं यावर पानं देता, ते चांगलंच आहे, पण तोवर ही सगळी व्याजं लागून गेलेली असतात. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक छोटी चौकट द्या, त्यात तारीख, एकूण किती टक्के, आणि 'बँकेने १० टक्के कापलेत, तुमचा स्लॅब बघा' एवढी एक ओळ. आणि मार्चच्या चौकटीत ३१ तारखेचं तेवढं नक्की लिहा. पुढची तारीख १५ डिसेंबर आहे, तेव्हापासून सुरू करता आलं तर बघा.

आपली,
एक नियमित वाचक